पुढचं दार

"काका, एवढा दम लागत होता, तर छातीच्या डॉक्टरकडे आधीच का नाही गेलात?"

मला दम लागतो हे मला ठाऊक होतं, असं तुम्ही सगळे धरून चालता. मी 2015 मध्ये कंडक्टरकीतून निवृत्त झालो, तेव्हा पर्वतीच्या 103 पायऱ्या एका दमात चढत होतो. दोन वर्षांनी मध्ये एकदा थांबायला लागलो. मग दोनदा. मग गुडघे कुरकुरतात असं सांगून खालीच बाकावर बसू लागलो, आणि गुडघे थोडे कुरकुरत होतेही. मंडईत जाऊन भाजी आणायचो, ती इमारतीखालच्या गाडीवरून घ्यायला लागलो. गॅसचा सिलिंडर सरकवायचं काम शेजारच्या मुलाकडे गेलं. ज्यात दम लागेल ते एकेक काम मी सोडत गेलो, आणि दम लागत नाही म्हणून निश्चिंत राहिलो. जिना तेवढा सुटत नव्हता, कारण धनकवडीत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.

डॉक्टरकडे मी गेलोच नाही, हेही खरं नाही. हृदयाचा आलेख काढला होता, सोनोग्राफीसारखी ती हृदयाची तपासणीही केली होती. दोन्ही चांगल्या आल्या. करोनाच्या काळात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र घरात होतं. सकाळी खुर्चीत बसून लावलं की 95 दाखवायचं. हृदय ठीक, ऑक्सिजन ठीक, मग उरलं वय, असा माझा हिशोब होता. बसल्या जागी आकडा चांगला आला म्हणजे फुप्फुस चांगलं, असं होत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि चालून आल्यावर ते यंत्र लावून बघायचं मला सुचलं नाही, की मी मुद्दाम लावलं नाही, हे आज मी शपथेवर सांगू शकणार नाही.

यातला एक भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. औंधला उरो रुग्णालय आहे. त्या बाजूच्या गाडीवर माझी ड्यूटी असायची, तेव्हा तोंडाला रुमाल लावलेली, खोकणारी माणसं तिकडे जायला चढायची. त्यांना तिकीट देताना मी हात लांब करून देत असे. सुट्टे पैसे त्यांच्या हातावर न टेकवता वरून सोडत असे. छातीचा डॉक्टर म्हटलं की टीबी, आणि टीबी म्हटलं की ती माणसं, हे डोक्यात तेव्हापासून बसलं होतं. मुलगी म्हणायची, "बाबा, दम्याचंही तेच बघतात, टीबीचंच असं नाही." मी ऐकून घ्यायचो आणि मनात तो लांब केलेला हात यायचा. त्या रुग्णालयातला बाक मला नको होता.

आणि पंप. पंप एकदा हातात आला की सुटत नाही, हे आमच्या पिढीत घराघरांत ऐकलेलं वाक्य आहे. एका डॉक्टरांनी खोकला वाढला तेव्हा पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याने फार बरं वाटलं. तोच कागद दाखवून मी त्या गोळ्या पुढे तीनदा औषधाच्या दुकानातून आणल्या. त्या स्टेरॉइडच्या होत्या. पंपाला घाबरणारा मी त्या गोळ्या चण्यासारख्या खात होतो.

डिसेंबर 2023. सकाळी साडेसहा झाले असतील. न्हाणीघरातून धप्प आवाज आला. बायको पडली होती. उजवा हात अंगाखाली आलेला, मनगट वाकडं दिसत होतं. ती रडत नव्हती, नुसती "अहो, अहो" म्हणत होती. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं. एवढ्यानेच छाती भरून आली होती. फोन चार्जिंगला लावलेला होता, बंद पडलेला. पहिल्या मजल्यावर रिक्षा चालवणारा मुलगा राहतो, साडेसहाला तो घरी असतो, म्हणून मी खाली निघालो.

जिना उतरायचा होता, चढायचा नव्हता. तरी दुसऱ्या मजल्याच्या चौकात माझे पाय थांबले. कठडा धरला. हवा आत येत नाहीये असं वाटत होतं, म्हणून मी आणखी जोर लावून आत ओढत होतो, आणि जितकी ओढावी तितकी छाती दगडासारखी घट्ट होत होती. मी पायरीवर बसलो. त्या मुलाचं दार मला कठड्याच्या फटीतून दिसत होतं. दाराबाहेर त्याच्या चपला होत्या, एक सरळ आणि एक उलटी पडलेली. एक हाक पुरली असती. मी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

34 वर्षं मी हाका मारल्या आहेत. स्वारगेट, स्वारगेट, स्वारगेट. भरलेल्या गाडीत मागून मारलेली हाक ड्रायव्हरपर्यंत पोचायची. त्या सकाळी मला बारा पायऱ्यांवरच्या माणसाचं नाव घेता आलं नाही. वरून तिचं "अहो" ऐकू येत होतं, ओ देणंही जमत नव्हतं. किती वेळ बसलो सांगता येत नाही. दूधवाला वर आला, त्याने मला बघितलं, मी बोट खाली त्या दाराकडे केलं. पुढचं सगळं त्या दोघांनी केलं.

तिच्या मनगटाला प्लास्टर झालं. रिक्षातून परत येताना तिने एवढंच विचारलं, "हाक का नाही मारलीत?" मी बाहेर बघत राहिलो. त्या रात्री मुलीला म्हणालो, घे नाव नोंदवून तुझ्या त्या छातीच्या डॉक्टरकडे.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी वीस मिनिटं नुसते प्रश्न विचारले. लहानपणी घरात चूल होती का? होती. टीबी झाला होता का? नाही. काम काय केलंत? सांगितलं. डेपोतला पहाटेचा डिझेलचा धूर, उघड्या खिडकीतून येणारी धूळ, सगळं सांगितलं. विडी? "सोडून जमाना झाला," मी म्हणालो. त्यांनी विचारलं, "कधी धरली, कधी सोडली, रोज किती?" 1977 ते 1998, रोज दहा-बारा. त्यांनी ते लिहून घेतलं, चेहऱ्यावर काही न आणता. सोडलीत म्हणून पुढची घसरण मंदावली, म्हणाल्या, पण आधी गेलेलं परत येत नाही. मी कारण विचारलं, तेव्हा चूल, विडी, धूर यांपैकी एकावरच बोट ठेवायला त्या तयार झाल्या नाहीत.

एक्स-रे काढला, थुंकीचे नमुने दिले. टीबी नव्हता. एक्स-रेत फुप्फुसं फुगलेली आणि खालचा पडदा घुमटासारखा असायचा तो सपाट झालेला दिसला. मग फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती पूर्ण भरून घ्यायची आणि सगळा जोर लावून फुंकायचं. समोरचा मुलगा ओरडत राहतो, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" सहा सेकंद तरी. असं तीनदा नीट जमावं लागतं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मग पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटं बसवतात आणि पुन्हा तेच. दमा असेल तर पुष्कळदा दुसऱ्या वेळी आकडा चांगलाच वर जातो.

माझी एकूण फुंकर 2.12 लिटर होती आणि त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली 1.08. म्हणजे निम्मी. नळ्या मोकळ्या असलेला माझ्या वयाचा माणूसही पहिल्या सेकंदात सत्तर टक्क्यांच्या वर बाहेर टाकतो. औषधानंतर माझा आकडा 1.15 झाला, फक्त सत्तर मिलिलिटरची भर. माझ्या उंचीच्या आणि वयाच्या माणसाला जे जमायला हवं, त्याच्या निम्म्यापेक्षा हे कमी होतं. सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, त्यातही गंभीर टप्पा.

मी म्हणालो, "पण मला हवा आत घेता येत नाही, बाहेर सोडायचं काय?" त्यांनी कागदावर नळी काढली. श्वास घेताना छाती फुगते, तेव्हा या नळ्या थोड्या उघडतात. सोडताना त्या मिटतात आणि हवा आतच अडकते. ती निघायच्या आत तुम्ही पुढचा श्वास ओढता. घाई केली की आणखी अडकते. मग नवी हवा येणार कुठे?

मी त्या कागदाकडे बघत राहिलो. भरलेल्या गाडीत मागच्या दारातून लोक लोटत असतात आणि पुढून कोणी उतरलेलं नसतं. त्या वेळी मागच्यांना कितीही रेटा म्हटलं तरी उपयोग नाही. पुढचं दार मोकळं व्हावं लागतं. "पुढे सरका, उतरून घ्या," हे मी दिवसाला शंभरदा ओरडलेलो माणूस. छातीला दार एकच आहे एवढाच फरक. जिन्यात बसून मी मागून रेटत होतो. डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगदी हेच. आता तुम्हाला श्वास सोडायला शिकवते."

नाकाने दोन मोजून आत. मग गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे ओठ करून चार मोजत बाहेर, जोर न लावता. ओठ अरुंद ठेवले की आत थोडा दाब राहतो आणि नळ्या लवकर मिटत नाहीत. जिना चढताना पाय उचलायचा तो श्वास सोडताना. पंप रोजचा वेगळा आणि अचानक दम लागला तर घ्यायचा वेगळा. पहिले पंधरा दिवस मी रोजचा पंपही दम लागला तरच घेत होतो, आणि औषधाचा गुण नाही म्हणून रागावत होतो. शिवाय फवारा उडायचा एकीकडे आणि मी श्वास घ्यायचो दुसरीकडे, औषध घशातच बसायचं. मग त्यांनी मध्ये लावायचा पोकळ डबा दिला, स्पेसर. पंप हलवायचा, श्वास सोडून छाती रिकामी करायची, डब्यात एक फवारा, सावकाश ओढायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, नंतर चूळ भरायची. त्यानंतर फरक पडला. पर्वती परत आली नाही, येणारही नाही. दुसरा मजला परत आला.

पाच वर्षं आधी गेलो असतो तर पहिल्या सेकंदाचा आकडा किती असता, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, ते आता मोजता येत नाही." तुम्ही विचारता तेव्हा मला वाटतं, जायला हवं होतं. रात्री एकटा असलो की वाटतं, त्या वेळच्या मला कोणीही ओढून नेलं असतं तरी मी बाकावरून उठून निघून आलो असतो. या दोघांत कोण खरं बोलतो, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रिपोर्ट घरी आणल्यावर मी तो बायकोला दाखवला. रिक्षातल्या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच दाखवला. 1.08 वर बोट ठेवून जिन्यात काय झालं ते सगळं सांगितलं. तिने प्लास्टरच्या हाताने कागद दाबून धरला आणि बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "यापुढे बाहेरून आलो की किल्ली माझ्याकडे द्यायची. मी पुढे जाऊन दार उघडून ठेवीन. तुम्ही या सावकाश."