दिवा लागतो म्हणजे काय होतं?

रात्रभर वायरला लावून ठेवलेली इअरबडची डबी सकाळी उघडली. तांबडा दिवा लुकलुकत होता आणि दोन्ही बड मेलेले. नेमकं आज ताईला फोन करायचा होता. लोकलच्या गर्दीत फोन कानाला लावून ते सगळं बोलणं शक्य नाही. नाही केला.

एवढ्याशा गोष्टीचं इतकं का लागावं? आपल्याच वाट्याला हे सगळं का, इथवर विचार गेले. राग बड बंद पडल्याचा नव्हता, दिव्याचा होता. आत काही पोचत नसताना ‘चालू आहे’ असं दाखवत बसायचं!

संध्याकाळी वायर काढून पाहिली, तरी तो तसाच लुकलुकत राहिला. म्हणजे तो चार्जिंगचा दिवा नव्हताच. डबीची स्वतःची बॅटरी संपत आल्याची ती ओरड होती. बिचारा खरं सांगत होता, मीच भलतं ऐकत होते.

पण वायर तर चांगली, त्याच वायरवर फोन धडाधड चार्ज होतो. तिची दोन्ही टोकं टाइप-सी. टाइप-सीचा चार्जर आधी पलीकडे कुणी आहे का हे चाचपतो, आणि ते कळायला डबीच्या सॉकेटजवळ ५.१ किलोओहमचे दोन इवलेसे रेझिस्टर लागतात. स्वस्त डब्यांत ते गाळतात. मग चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चौकोनी यूएसबीच्या चार्जरला अशी विचारपूस ठाऊक नाही, तो सरळ ५ व्होल्ट देऊन मोकळा. ड्रॉवरमधून तसला जुना चार्जर आणि त्याची वायर काढून लावली आणि पाचेक मिनिटांत डावा बड जागा झाला.

उजवा नाही. बोटाने दाबून धरला की त्याचा दिवा लागे, सोडला की विझे. म्हणजे बॅटरी ठीक, संपर्क तुटलेला. बडच्या सोनेरी ठिपक्यांवर घामाचा आणि कानातल्या मळाचा चिकट थर होता. कान कोरायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलसर लागेल एवढं लावून तो पुसला. डबीच्या खळग्यात दोन पिना असतात, आत स्प्रिंग असलेल्या. त्यातली एक खाली अडकून बसली होती. टूथपिकने हलकेच दाबली तर टुपकन वर आली. (सुई घालायची नाही. दोन पिना एकदम टेकल्या तर शॉर्ट व्हायची.) अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत झाकण उघडं ठेवलं.

आता दोन्ही चार्ज होताहेत, न दाबता. त्या पिनेची स्प्रिंग थकली असेल तर पुन्हा अडकेल, तेव्हा बघू.

ताईला फोन उद्या. आज बड चार्जिंगला आहेत ना.