घामाचा हिशेब: पुण्याचा आणि मुंबईचा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी पुण्यात करणाऱ्यांची एक अडचण असते. पाणी किती प्यायचं याचा अंदाज बसतो पुण्याच्या कोरड्या गारव्यात, आणि पळायचं असतं समुद्राकाठी. म्हणून या वेळी दीड तासाचं तेच धावणं, त्याच पेसने, दोन्हीकडे केलं आणि आधी-नंतर वजन घेतलं.

पुण्यात, नोव्हेंबरातल्या गार पहाटे: निघताना ६८.४ किलो, परतल्यावर ६७.४. वाटेत ३५० मिली पाणी प्यायलो. वजन एक किलोने उतरलं, पण पोटात गेलेले ३५० मिलीसुद्धा काट्यावर दिसले नाहीत, म्हणजे तेही घामातच गेले. एकूण घाम १.३५ लिटर, भागिले दीड तास, म्हणजे ताशी ०.९ लिटर.

मुंबईत, ऑक्टोबर संपताना, दादरहून मरीन ड्राइव्हकडे: ६८.५ वरून ६७.४. पाणी पूर्ण एक लिटर. घाम २.१ लिटर, म्हणजे ताशी १.४.

आता टक्केवारी बघा. इथे प्यायलेलं पाणी मिळवायचं नाही. शरीरात शेवटी किती तूट राहिली एवढंच बघायचं. पुण्यात १.० भागिले ६८.४, म्हणजे १.५ टक्के. मुंबईत १.१ भागिले ६८.५, म्हणजे १.६ टक्के. टक्केवारी जवळपास सारखी, घाम मात्र दीडपटीहून जास्त. नुसती टक्केवारी पाहिली असती तर मुंबईची हवा मानवते असा समज झाला असता. टक्केवारी सांगते की पिणं घामाला कितपत पुरलं. घाम किती गेला हे ती सांगत नाही.

आकडे भरवशाचे हवेत तर मोजण्यात थोडा काटेकोरपणा लागतो. निघण्याआधी लघवीला जाऊन यायचं, मग वजन. परतल्यावर आधी अंग कोरडं पुसायचं, कपडे काढून वजन करायचं आणि मगच पाणी प्यायचं किंवा बाथरूमला जायचं. कपड्यांचं प्रस्थ किती असतं ते पाहायला मुंबईहून आल्यावर बनियन किचनच्या काट्यावर ठेवला: सुका असताना ११० ग्रॅम, घामाने निथळता ३२० ग्रॅम. म्हणजे २१० ग्रॅम घाम एकट्या बनियनमध्ये लपला होता; मोजे आणि बूट वेगळेच. वाटेत लघवी झाली तर तेवढं घामातून वजा करावं लागतं.

पाण्याची बाटलीही मी डोळ्यांनी मापत नाही, आधी-नंतर तोलतो. एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरलं की काम भागतं. फक्त डोक्यावर ओतायचं पाणी वेगळ्या बाटलीत ठेवायचं, नाहीतर ते प्यायल्याच्या हिशेबात शिरतं आणि घामाचा दर उगाच फुगतो. जेल खाल्लं तर त्याचंही वजन धरायचं.

बाथरूममधला काटा १०० ग्रॅमने पुढे सरकतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या धावण्यावर हा हिशेब करू नये. तेवढ्यात काट्याची चूकच डोईजड होते. दुसरं असं की उतरलेलं सगळं वजन घामाचं नसतं. श्वासातून वाफ जाते, आणि इंधन जळून निघणारा कार्बन डायऑक्साइड आत घेतलेल्या ऑक्सिजनपेक्षा जड असतो. आपल्या वेगाला हे दोन्ही मिळून तासाला ढोबळमानाने शंभर-दीडशे ग्रॅम होतात. दीड तासाला मी सोडून देतो. पूर्ण मॅरेथॉनला मात्र काट्यावरची टक्केवारी खऱ्या तुटीपेक्षा जास्त दिसणार, हे लक्षात ठेवायचं.

वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरू देऊ नये ही मर्यादा सगळे सांगतात आणि हौशी धावकाला आराखडा आखायला ती ठीक आहे. पण ती भिंत नव्हे: हाइले गेब्रसेलासीने २००९ची दुबई मॅरेथॉन जिंकली तेव्हा त्याचं वजन जवळपास १० टक्के उतरलं होतं. उलट्या बाजूचा धोका मला जास्त खरा वाटतो. परतल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर घामापेक्षा जास्त प्यायलं गेलंय हे नक्की, आणि त्यातून रक्तातलं सोडियम पातळ होऊ शकतं. मागच्या रांगेतल्या, पाच-सहा तास घेणाऱ्या आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबणाऱ्या मंडळींनी हे जास्त पाहावं.

माझा आराखडा असा. मुंबईचाच दर साडेचार तास टिकला तर घाम ६.३ लिटर. दोन टक्के तूट, म्हणजे १.४ लिटर, चालवून घेतली तरी ४.९ लिटर प्यावं लागेल, ताशी जवळपास १.१ लिटर. एवढं माझ्या पोटाला झेपत नाही, धावताना गदगदतं. पण १.४ हा दर ऑक्टोबरच्या उकाड्याचा आणि अर्ध्या मॅरेथॉनच्या पेसचा आहे. जानेवारीची पहाट आणि संथ पेस यांचा दर कमीच येईल. म्हणून डिसेंबरअखेरीस मुंबईतच, शर्यतीच्या पेसने, पुन्हा काट्यावर चढणार आहे. तोपर्यंत ताशी ६०० मिली प्यायची सवय लावतोय.