ऑक्टोबरची विक्री 40 टक्के घटली म्हणून अडकलेलं कॅश क्रेडिट : माझा अनुभव

तालुक्याच्या गावी आमचं कापडाचं दुकान आहे. साड्या, ड्रेस मटेरियल, लहान मुलांचे कपडे. मालासाठी बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज, घेतलेलं आहे आणि दरवर्षी ते नूतनीकरणाला जातं. 2024 च्या सुरुवातीला हेच काम एका आकड्यावर जे अडलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. पण त्या निमित्ताने महिन्यांची तुलना नीट कशी मांडायची ते मला पक्कं कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

कागदपत्रं, स्टॉक स्टेटमेंट, सीएंची सही हे सगळं सुरळीत झालं. अडलं ते महिनावार विक्रीच्या तक्त्यावर. बँकेच्या नमुन्यात प्रत्येक महिन्यासमोर गेल्या वर्षीचा तोच महिना आणि त्यापुढे वाढ-घट एवढाच रकाना. ऑक्टोबर 2022 मध्ये आमची विक्री 11.2 लाख होती, ऑक्टोबर 2023 मध्ये 6.7 लाख. म्हणजे 40 टक्के घट. बँकेतल्या साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, ऐन सीझनमध्येच धंदा बसलाय. मर्यादा कमी करावी लागेल."

वर्षाची विक्री 60 लाखांवरून 66 लाखांवर गेली होती, ते याच तक्त्याच्या तळाशी लिहिलेलं होतं. आणि मर्यादा साधारण वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या 20 टक्के धरतात, म्हणजे अपेक्षा खाली आली की मर्यादाही खाली. एका महिन्याच्या घटीवरून पुढच्या वर्षाची उलाढाल कमी धरणं मला मान्य नव्हतं.

कारण उघड होतं. 2022 मध्ये लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. त्या वर्षी अधिक श्रावण आला, त्यामुळे गणपतीपासून दिवाळीपर्यंत सगळे सण पुढे ढकलले गेले. गिऱ्हाईक गेलं नव्हतं, ते नोव्हेंबरमध्ये आलं होतं. हे मी तोंडी सांगितलं तर उत्तर आलं, "नोटमध्ये काय लिहू? आकड्यात द्या." फाईल टेबलावर तशीच राहिली आणि मी चकरा मारत राहिले.

मग हंगामी निर्देशांक काढला. कृती सोपी आहे. वर्षाच्या विक्रीला 12 ने भागायचं म्हणजे सरासरी महिना मिळतो. प्रत्येक महिन्याची विक्री त्या सरासरीच्या किती टक्के, तो त्याचा निर्देशांक. 100 म्हणजे सरासरीइतका महिना, 60 म्हणजे मंदीचा, 200 म्हणजे दुप्पट. स्प्रेडशीटमध्ये B2 ते B13 जानेवारी ते डिसेंबर असतील, तर B2 समोर हे सूत्र टाकून खाली ओढायचं:

```
=B2/AVERAGE(B$2:B$13)*100
```

बारा निर्देशांकांची बेरीज 1200 आलीच पाहिजे. नाही आली तर एखादा महिना सुटलाय किंवा दोनदा आलाय. आकडे जीएसटी वगळून घ्या, आणि सगळ्या महिन्यांचे तसेच घ्या.

आमचं 2022 चं सरासरी महिन्याचं मान 5 लाख. ऑक्टोबरचा निर्देशांक आला 224, नोव्हेंबरचा 74. 2023 चं मान 5.5 लाख. ऑक्टोबर 122, नोव्हेंबर 182. आता दोन्ही महिने एकत्र बघा: 2022 मध्ये 298, 2023 मध्ये 304. वर्षाच्या विक्रीत या जोडीचा वाटा दोन्ही वर्षी साधारण चौथाई. सीझन बसला नव्हता, दोन महिन्यांमधली वाटणी बदलली होती.

हे घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "छान. मग दोन वर्षांची सरासरी काढा आणि त्यावरून पुढच्या वर्षाचे महिनावार अंदाज द्या." पुस्तकात पद्धत तशीच आहे, दोन-चार वर्षांचे निर्देशांक घेऊन प्रत्येक महिन्याची सरासरी काढायची. पण इथे ती लावली की ऑक्टोबर 173 आणि नोव्हेंबर 128 येतो, आणि असं वर्ष आमच्या वहीत कधी झालेलंच नाही. 2024 मध्ये लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला येणार होतं, म्हणजे जवळजवळ सगळी खरेदी ऑक्टोबरातच उरकणार. 173 धरून माल भरला असता तर वसुबारसेच्या आत रॅक रिकामे झाले असते, आणि तेवढ्या दिवसांत सुरतेहून नवा माल येऊन लागत नाही. संक्रांतीसारखा जागेवर राहणारा सण असेल तर महिन्याची सरासरी चालते, दिवाळीला चालत नाही.

शेवटी ज्याने काम झालं ते असं. रोजच्या बिलांवरून लक्ष्मीपूजनापर्यंतचे तीस दिवस मोजले. 2022 ला 25 सप्टेंबर ते 24 ऑक्टोबर, 2023 ला 14 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर. दसरा लक्ष्मीपूजनाच्या साधारण 19-20 दिवस आधी येतो, तो दोन्ही वर्षी या तीस दिवसांत आला, त्यामुळे तुलना बरोबरीची झाली. विक्री 11.5 लाख आणि 12.8 लाख. सरासरी महिन्याच्या 230 टक्के आणि 233 टक्के. ही एक ओळ, शेजारी दोन्ही वर्षांच्या लक्ष्मीपूजनाच्या तारखा, आणि खाली वर्षाची वाढ 10 टक्के. साहेबांनी कॅल्क्युलेटरवर दोन भागाकार स्वतः करून पाहिले, कॅलेंडर मागवून तारखा ताडल्या आणि नोट लिहायला घेतली. मर्यादा होती तेवढी राहिली. मला तेव्हा हायसं वाटलं, आणि हिशेबाच्या जोरावर काम झालं याचा अभिमानही वाटला.

निर्देशांकाची एक मर्यादा लक्षात ठेवा. धंदा वर्षभर वाढत असेल तर शेवटचे महिने निव्वळ वाढीमुळेही 100 च्या वर दिसतात आणि सुरुवातीचे खाली. आमची वाढ हळू आहे म्हणून फरक पडला नाही. पण वर्षाच्या मध्यात दुसरं दुकान काढलं असेल तर दोन्ही दुकानांचे निर्देशांक वेगळे काढा. आणि वर्ष पूर्ण असल्याशिवाय काढूच नका, दहा महिन्यांची सरासरी घेतली आणि त्यात दिवाळीच नसली तर बाकी सगळे महिने उगाच चांगले दिसतात.

बँकेत जाताना रोजच्या विक्रीची यादी सोबत ठेवा, हे मी आधीच सांगायला हवं होतं. महिन्याच्या बेरजेवरून तीस दिवसांची ओळ काढता येत नाही. बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर तारखेनुसार यादी लगेच निघते, वही असेल तर दोन संध्याकाळी जातील.

हा प्रश्न पुन्हा येणारच आहे. दिवाळी साधारण 11 दिवस अलीकडे येत जाते आणि अधिक मास आला की 19 दिवस पुढे जाते. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे नमुन्यात ऑक्टोबर पुन्हा घटलेला दिसेल. शिवाय 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून आहे. त्या काळात लग्नं नाहीत, म्हणून बस्त्याची विक्री मेच्या पूर्वार्धात आणि जूनच्या उत्तरार्धात विभागली जाईल. मी या वेळी तक्त्यासोबत तारखांची ओळ आधीच जोडून देणार आहे.