आमची वाटचाल: मोठ्या ब्रँडची एजन्सी आणि आमचा हिशेब

इंदूरमध्ये वितरणाचं काम करताना आमच्या फर्मने एक पद्धत ठेवली आहे. कंपनीचा एरिया मॅनेजर मार्जिन सांगतो, तेव्हा आम्ही आधी गुंतवणूक किती ते मांडतो. मार्जिन विक्रीवर मिळतं, पण आपल्याला व्याज पडतं ते अडकलेल्या पैशावर.

बिस्किट-नमकीनचा एक प्रस्ताव बघा. महिन्याचं टार्गेट 20 लाख, मार्जिन 5 टक्के, डिपॉझिट 3 लाख, माल आगाऊ पैसे भरल्यावरच. गोदामात 15 दिवसांचा साठा, म्हणजे अंदाजे 10 लाख. दुकानदारांकडे 15 दिवसांची उधारी, आणखी 10 लाख. स्कीमची सूट आपण आधी देतो, कंपनी क्लेम मागाहून देते. त्यात 2 लाख. झाले 25 लाख. जीएसटी यात धरलेला नाही. मार्जिन कराआधीच्या किमतीवर असलं तरी पैसे करासह भरायचे, त्यामुळे खरी रक्कम याहून जास्तच.

मार्जिनचे 1 लाख येतात. दोन सेल्समन, गाडी-ड्रायव्हर, गोदामाचं भाडं, हमाली, हिशेबनीस आणि तुटफूट मिळून 80 हजार जातात. उरतात 20 हजार, म्हणजे 25 लाखांवर वर्षाला 9.6 टक्के. पैसा बँकेच्या कॅश क्रेडिटचा असेल तर नफा व्याजातच संपला!

खरी मेख मार्जिनच्या फोडीत असते. इथे 3.5 टक्के पक्के होते, 1.5 टक्के टार्गेट पूर्ण झालं तरच. विक्री 18 लाखांवर थांबली की हाती 63 हजार येतात, खर्च मात्र तेवढाच. 17 हजारांचा तोटा. मग महिनाअखेरीस जास्तीचा माल उचलून सियागंजच्या होलसेलवाल्याला भाव तोडून द्यायचा मोह होतो. तोच माल स्वस्तात आपल्या दुकानदारांकडे पोचतो आणि पुढच्या महिन्यात आपलीच ऑर्डर कमी होते.

म्हणून आम्ही घासाघीस डिपॉझिटवर फार करत नाही. पक्कं मार्जिन 4.5 करा, टार्गेट तिमाही धरा आणि क्लेम 30 दिवसांत द्या, एवढं लेखी मागतो. मुदत संपलेला माल कोण घेणार आणि एजन्सी सोडल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे करारात हवंच. सुरक्षेसाठी चेक मागितले तर त्यांचे नंबरही करारात लिहून घ्यावेत. कोरे सही केलेले चेक देऊ नयेत. रक्कम भरून बँकेत टाकले आणि वटले नाहीत, तर प्रकरण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली जाऊ शकतं.

सही करण्याआधी बीटवर फिरून दुकानदारांना विचारावं, हा माल किती दिवसांच्या उधारीवर घेता? उत्तर सात दिवस आलं तर वरच्या हिशेबातले जवळपास 5 लाख मोकळे होतात आणि परतावा 12 टक्क्यांवर जातो. आधीच्या वितरकालाही भेटावं. त्याचे क्लेम अजून अडकलेले असतील, तर मॅनेजरच्या तोंडी आश्वासनाला फारसा अर्थ नाही.