इनो, ओने, आच्चो मराठीत आणताना : माझा अनुभव

सध्या एक इटालियन कथा मराठीत करतोय. एकटी राहणारी म्हातारी बाई, घरात नळ फुटलाय, प्लंबर आणि त्याचा हाताखालचा पोरगा येतात, एवढंच कथानक. पण पानापानावर शेपट्या लावलेले शब्द. इटालियनमधे नामाला मागे इनो किंवा एत्तो लावला की वस्तू लहान, ओने लावला की मोठी, आच्चो लावला की वाईट, असं पुस्तकात शिकवतात आणि ते अर्धंच खरंय, कारण बहुतेक वेळा वस्तूचा आकार तोच असतो, बोलणाऱ्याचा सूर बदललेला असतो.

म्हणून आधी पेन्सिल घेऊन असे सगळे शब्द अधोरेखित केले आणि मग त्यातले खोटे बाजूला काढले. मात्तोने म्हणजे वीट, मात्तो म्हणजे वेडा, दोघांचा काही संबंध नाही. फिनेस्त्रिनो हा फिनेस्त्रा म्हणजे खिडकीपासूनच आलाय, पण आता त्याचा ठरलेला अर्थ गाडीची नाहीतर विमानाची खिडकी. पोर्तोने म्हणजे इमारतीचा मुख्य दरवाजा, आणि गंमत बघा, पोर्ता स्त्रीलिंगी पण पोर्तोने पुल्लिंगी. माझी कसोटी सोपी आहे, शेपटी काढून वाक्य परत वाचायचं. वस्तूच बदलली तर तो वेगळा शब्द, सरळ अर्थ लिहून पुढे जायचं. वस्तू तीच राहिली आणि फक्त सूर गेला तर तिथे काम आहे.

आता प्लंबरचं वाक्य घ्या. नळाखाली वाकून तो म्हणतो, सिन्योरा, एक प्रोब्लेमिनो आहे, लावोरेत्तो आहे, एक ओरेत्ता लागेल. प्रोब्लेमा, लावोरो म्हणजे काम, ओरा म्हणजे तास, तिन्हीला शेपटी. ‘छोटी समस्या आहे, छोटं काम आहे, छोटा तास लागेल’ असं मराठीत कोण बोलतं? आणि इथे अडचण छोटी नाहीचे, भिंत फोडावी लागणारे, तो फक्त म्हातारीला घाबरवत नाहीये. म्हणजे इनो तिला धीर द्यायला आलाय. आपल्याकडे प्रत्येक नामाला अशी शेपटी लागत नाही, म्हणून तो सूर वाक्यात दुसरीकडे ठेवावा लागतो. मी लिहिलं, ‘मावशी, जरा अडचण आहे हो, किरकोळच काम आहे, तासाभरात उरकतो.’ तासाभर मधला ‘भर’ तर ओरेत्ताला अगदी चपखल बसतो, कारण तोही घड्याळ लावून मोजलेला तास नाही. आणि तो ‘हो’ काढून बघा, सगळा धीर निघून जातो.

भिंत फोडल्यावर तोच माणूस स्वतःशी पुटपुटतो, के लावोराच्चो! इथे ‘घाणेरडं काम’ चालणार नाही, काम घाण नाहीये, जीव खाणारं आहे. ‘काय वैतागाचं काम आहे’ असं ठेवलं.

मराठीकडे एक हत्यार मात्र असं आहे की इटालियन लोकांना हेवा वाटावा, ते म्हणजे नपुंसकलिंग. म्हातारी त्या पोराला कधी रागात्सिनो म्हणते, कधी रागात्साच्चो. ‘ते पोरगं आलं’ म्हटलं की त्यात माया येते, ‘कार्टं कुठे गेलं’ म्हटलं की राग येतो आणि रागाखाली लाडही राहतो, रागात्साच्चोमधे तेच असतं. शिवाय क्रियापदही ‘आला’चं ‘आलं’ होतं, म्हणजे सूर वाक्याच्या टोकापर्यंत जातो.

सगळ्यात जास्त वेळ गेला पोवेराच्चोवर. पोवेरो म्हणजे गरीब, बिचारा. पोवेरिनो म्हणजे ‘अगं बाई, बिचारा’, लहान मुलाला लागलं तरी चालतं. पोवेराच्चोला आच्चो आहे म्हणून ती शिवी समजायचं कारण नाही, तिथे कीव आहे, पण आयुष्याने झोडपलेल्या माणसाची. प्लंबरची बायको अंथरुणाला खिळली आहे हे कळल्यावर म्हातारी हा शब्द उच्चारते, आणि पुढच्याच ओळीत त्याच्यासाठी कॉफी ठेवते. अशावेळी शब्दकोशापेक्षा आजूबाजूच्या क्रियापदांवर विश्वास ठेवावा, ती कॉफी ठेवतेय म्हणजे तिरस्कार नाही. मी ‘काय नशीब घेऊन आलाय बापडा’ असं केलं. नुसतं ‘बिचारा’ हलकं पडत होतं.

सगळ्या शेपट्या मराठीत येत नाहीत, आणूही नयेत. एका परिच्छेदात दाटीवाटीने आल्या तर जिथे नात्यात काही बदलतं त्या धरायच्या, बाकीच्या सोडायच्या, नाहीतर सगळं लाडंलाडं वाटतं.

शेवटच्या पानावर ती फोनवर लेकीला म्हणते, नातीला माझा बाचोने दे. बाचो म्हणजे पापा, त्याला ओने. इथे विशेषण लावलंच, पण ‘मोठा पापा’ असं नाही. आपण प्रेमाने बोलताना अक्षरावर जोर देतो ना, तसं लिहिलं, ‘छकुलीला माझा एक मोठ्ठा पापा दे.’