चटणीनंतरचा कॉमा

दुपारी डोळा लागत होता, तेवढ्यात पुतणी बचत गटाच्या पत्रकाचा इंग्रजी मजकूर घेऊन आली. नागपूरच्या प्रदर्शनात वाटायचं होतं. पहिल्या पानावर 'सरगुंडे, कुरड्या, अँड पापड', म्हणजे अँडच्या आधी कॉमा. पान उलटलं तर 'तिखट, हळद अँड मीठ'. इथं कॉमा गायब.

"काकाजी, यातलं बरोबर कोणतं?"

दोन्ही. पण एकाच पत्रकात दोन्ही नको. पहिलं पान वाचताना माणसाला नकळत सवय लागते की इथं प्रत्येक जिनसेनंतर कॉमा येतो. पुढच्या पानावर तो दिसला नाही, की हळद आणि मीठ एकाच पुडीत मिळतं की काय, अशी शंका येते. दोन्ही पानांवर तो नसता, तर कोणाच्या मनातही आलं नसतं.

आमचे इंग्रजीचे सर अँडच्या आधी कॉमा दिसला की लाल शाईनं असा खोडत, की पानामागे भोक पडे. पुढं कळलं, की ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस तोच कॉमा आवर्जून लावते आणि ब्रिटनमधली वर्तमानपत्रं सहसा लावत नाहीत. अमेरिकेत शिकागो मॅन्युअल हे लेखनशैलीचं पुस्तक लावा म्हणतं, तर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं शैलीपुस्तक साध्या यादीत नको म्हणतं. सरांचं चुकत होतं असं नाही, भोक तेवढं जास्त होतं.

मग आम्ही ठरवलं, कॉमा नको. सगळे काढले आणि शेवटच्या ओळीत अडलो: 'मुंगवड्या, मिरची अँड लसूण चटणी अँड ज्वारीचं पीठ'. मिरची वेगळी, की चटणीतली? जिनसेच्या पोटातच अँड असला, तर असोसिएटेड प्रेसही शेवटच्या अँडआधी कॉमा लावू देतं. आम्हीही चटणीनंतर लावला. उलट 'अध्यक्षा, सुनंदाताई, अँड सचिव' इथं कॉमानंच घोळ होतो: सुनंदाताई हीच अध्यक्षा, की तिसरी बाई? तिथं कॉमाची घासाघीस करू नये, सरळ 'अध्यक्षा, सचिव अँड सुनंदाताई' असा क्रम फिरवावा.

अमेरिकेतल्या मेन राज्यात दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती, तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन', ऑरच्या आधी कॉमा नाही. ड्रायव्हर म्हणाले, हे सारं पॅकिंगच. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो. त्या राज्याची कायदा लिहिण्याची पद्धतच असा कॉमा न लावण्याची, म्हणजे तो नसणं हा काही पुरावा नव्हे. तरी 2017 मध्ये कोर्टाला अर्थ संदिग्ध वाटला आणि कौल ड्रायव्हरांकडे गेला. पुढं 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

नंतर त्या राज्यानं कायद्यातली ती यादी बदलली, आणि सगळीकडे अर्धविरामच घातले. कॉमावरचा भरवसाच उडाला असेल बापा.