आजी चित्रकथीत उतरली, तीळ मात्र अजून हट्टाला पेटलाय

मंडळी, एआय मॉडेलकडून आजीला चित्रकथीत, म्हणजे जाड रेघांच्या पारंपरिक कथाचित्रांच्या शैलीत, उतरवतोय; त्यातलं अडलेलं गाडं हललं! आजी आता आजीसारखी दिसते आणि चित्रही चित्रकथीच राहतं.

आजीचा धड फोटो एकच, सदाशिव पेठेतल्या जुन्या स्टुडिओतला. एका फोटोवर लोरा, म्हणजे मॉडेलला नवं काही शिकवणारी छोटी जोडफाइल, ट्रेन केला की तो काठपदरासकट फोटोच पाठ करतो, म्हणून ट्रेनिंगशिवाय फोटोतला चेहरा चित्रात आणणारं आयपी-अडॅप्टर फेसआयडी प्लस व्ही२ धरलं. पण त्याचं वजन ०.८ ठेवलं की चेहरा जुळायचा आणि गालावर स्टुडिओतला उजेड यायचा, जाड काळी रेघ विरघळायची. ०.५ वर रेघ परत यायची, पण आजीच्या जागी भलतीच बाई.

आधी वजन ०.८ वरच ठेवून `end_at`, म्हणजे फेसआयडी कुठवर चालेल तो आकडा, ०.७ केला. ३० स्टेप्सपैकी शेवटच्या साधारण नऊ चित्रकथीची शैली शिकवलेल्या लोराला मोकळ्या मिळाल्या. चेहऱ्याची ठेवण तोवर बसलेली असते, रेघ आणि रंगाचा पोत उशिरा ठरतो. रेघ सुधारली, तरी कातडीवरची चकाकी जाईना. मग लक्षात आलं, फेसआयडीसोबत येणारा लोरा थेट मॉडेलमध्ये मिसळलेला असतो. `end_at` त्याला लागूच होत नाही. त्याचा जोर ठरवणारं `lora_strength` ०.६ वरून ०.३५ वर आणलं आणि चकाकी गेली! कपाळाची रुंदी, खोल डोळे, हनुवटी, सगळं आजीचं. कम्फीयूआय या चित्र बनवायच्या प्रोग्रॅममध्ये हे दोन आकडे वेगळे दिसतात, म्हणून मी त्यालाच चिकटून आहे.

आता ओठावरचा तीळ. ओळख पकडणारं मॉडेल चेहरा ११२ × ११२ पिक्सेलमध्ये कापून ५१२ आकड्यांत बसवतं. वय, उजेड, केस बदलले तरी माणूस तोच ओळखू यावा, यासाठी ते शिकवलेलं आहे, त्यामुळे तिळासारखी बारीक खूण त्यात टिकत नाही. प्लसमधल्या, फोटो चित्र म्हणूनही बघणाऱ्या क्लिपच्या भागामुळे तीळ कधी उमटतो, पण कधी गालावर, कधी हनुवटीवर. प्रॉम्प्टमध्ये लिहूनही जागा धरत नाही. सध्या मी तो क्रितामध्ये हाताने रंगवतो आणि ०.२५ डीनॉइझवर, म्हणजे चित्र फार न बदलता, मॉडेलची एक फेरी फिरवतो.

खरी मर्यादा पुढेच आहे. चित्रकथीतले चेहरे बहुतेक बाजूने दिसतात आणि आजीचा फोटो समोरून. पाऊण वळलेल्या चेहऱ्यापर्यंत निभावतं. पूर्ण बाजूने मात्र नाक मॉडेल मनानेच काढतं. तिथे चेहरा शोधून ओळखणाऱ्या इनसाइटफेसला रेखाटलेला चेहरा सापडतही नाही, म्हणजे साम्याचा आकडाही मिळत नाही. काकांनी बघताक्षणी सांगितलं, "नाक आईचं नाही."

म्हणून सगळी मालिका बाजूच्या चेहऱ्यांनी करायचा बेत होता, तो पाऊण चेहऱ्यांवर आणतोय. की नको? हे लिहिताना सुचलं: काकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये आजी अंतरपाटाजवळ बाजूने उभी आहे. चेहरा नखाएवढा, फेसआयडीला निरुपयोगी. पण कपाळापासून हनुवटीपर्यंतची कड त्यावरून हाताने गिरवून, दिलेल्या रेघेबरहुकूम चित्र काढायला लावणाऱ्या लाइनआर्ट कंट्रोलनेटला देता येईल, आणि फेसआयडीकडे फक्त डोळे-गाल ठेवता येतील. रविवारी अल्बम आणतो.